पोटातलं पाणी, मानेतली शीर

पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून ५८ वर्षांच्या एक मावशी मुलाच्या आधाराने ओपीडीत आल्या. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, पोट घागरीसारखं ताणलेलं, डोळे किंचित पिवळे. मुलाच्या हातात फाइल होती आणि फाइलवर मोठ्या अक्षरात ‘लिव्हर’ असं लिहिलेलं. दोन महिने कावीळ समजून गावठी झाडपाला झाला, मग लिव्हरची टॉनिकं झाली. एका ठिकाणी सोनोग्राफी करून ‘लिव्हर मोठं, पोटात पाणी’ असा रिपोर्ट मिळाला आणि घरच्यांनी जवळजवळ आशा सोडली. मावशींनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरी ‘दारूवाल्यांचा आजार तुम्हाला कसा?’ असं कुणीतरी विचारलं होतं. ते त्यांना सुजेपेक्षा जास्त लागलं होतं.

मी पलंगाचं डोकं अर्धं वर उचलून त्यांना टेकवलं, मान किंचित डावीकडे वळवली आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात उजवी बाजू बघत बसलो. त्या अहिराणीत म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, दुखनं पोटनं शे, मान काब्र देखी ऱ्हायनात?”

दुखणं पोटाचं, मग बघणं मानेकडे का, या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच हा लेख. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हृदयाच्या उजव्या बाजूचं काम ऐकायला साधं आहे. सगळ्या शरीरातून वापरून आलेलं रक्त दोन मोठ्या शिरांतून उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून एका झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं आणि खालचा कप्पा ते फुप्फुसांकडे ढकलतो. या झडपेला तीन पाकळ्या असतात, म्हणून तिचं नाव ट्रायकस्पिड. खालचा कप्पा आवळला की पाकळ्या एकमेकींना चिकटून दार बंद करतात आणि रक्त मागे न जाता पुढेच जातं.

आता हतनूर धरण डोळ्यासमोर आणा. दरवाज्यांतून जेवढं पाणी जायला हवं तेवढं पुढे गेलं नाही, तर ते धरणाच्या भिंतीपाशी थांबून राहत नाही. मागे मागे पसरतं आणि चांगदेवच्या संगमापर्यंत काठ बुडवतं. त्याला आपण फुगवटा म्हणतो. उजवं हृदय कमजोर झालं किंवा ट्रायकस्पिडचं दार नीट मिटेनासं झालं की शरीरात हाच फुगवटा तयार होतो. खालच्या बाजूने तो लिव्हर, आतडी, किडनी आणि पायांपर्यंत जातो, वरच्या बाजूने मानेत. फरक इतकाच की लिव्हर आणि किडनीतला फुगवटा कातडीखाली दडलेला असतो, मानेतला उघड्या डोळ्यांनी दिसतो. पुलाच्या खांबावर पाणीपातळीची पट्टी रंगवलेली असते ना, तशी मानेतली ही शीर आहे. मानेतून ती सरळ वरच्या कप्प्यात उतरते आणि मध्ये दाब अडवून धरेल असं काही नाही. कप्प्यात जेवढा दाब, तेवढ्या उंचीवर शिरेतलं रक्त उभं राहतं.

मोजायची पद्धत जुनी आहे आणि तिला फक्त एक पट्टी लागते. छातीच्या मधल्या हाडावर, गळ्याच्या खळग्यापासून चार-पाच सेंटिमीटर खाली, बोटाला एक आडवा उंचवटा लागतो. माणूस झोपलेला असो वा टेकलेला, उजवा कप्पा या उंचवट्याच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली असतो, असं धरून चालतात. म्हणून शिरेच्या ठोक्याचा वरचा काठ उंचवट्यापासून किती सेंटिमीटर वर आहे ते सरळ उभ्या रेषेत मोजायचं आणि त्यात ५ मिळवायचे. बेरीज ८ च्या आत असेल तर ठीक. मावशींना अर्धवट टेकवल्यावर काठ सापडेचना, तो जबड्यामागे गेला होता आणि उजव्या कानाची पाळी प्रत्येक ठोक्याला हलत होती. त्यांना सरळ बसवलं तेव्हा काठ जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडा खाली दिसला, उंचवट्यापासून १२ सेंटिमीटर वर. बेरीज १७.

काठ सापडत नाही म्हणून शीर नॉर्मल असं लिहिलं जाणं, ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. पाणी पट्टीच्याही वर गेलं तर पट्टी कोरडी वाटत नाही, पण मान बघताना नेमकी तीच गल्लत होते. म्हणून शंका असली की पेशंटला बसवून बघावं. ताठ बसलेल्या माणसाच्या गळपट्टीच्या हाडाच्या वर शीर उडताना दिसली, तर दाब वाढलेला आहे. यासाठी पट्टीसुद्धा लागत नाही.

मानेत जे उडतं ते शीर की धमनी, हा प्रश्न पुढचा. धमनीचा ठोका बोटाला लागतो, एकच आणि टणक असतो, बसलं-झोपलं तरी जागा सोडत नाही. शिरेचा ठोका डोळ्याला दिसतो पण बोटाला सहसा लागत नाही. गळपट्टीजवळ हलकं दाबलं की तो विझतो आणि माणूस उठून बसला की खाली सरकतो. ट्रायकस्पिड गळत असेल तर मात्र शिरेचा ठोका इतका जोरकस होतो की धमनी वाटावी, कारण खालचा कप्पा आवळतो तेव्हा रक्ताची लाट उघड्या दारातून थेट मानेत चढते. मावशींच्या मानेत ती लाट संथपणे फुगायची आणि एकदम कोसळायची. मी उजव्या बरगडीखाली तळहात सपाट ठेवून १५ सेकंद हळूच दाबून धरला. शिरेचा काठ वर चढला आणि हात काढेपर्यंत वरच राहिला. तळहाताखाली लिव्हरही प्रत्येक ठोक्याला फुगत होतं. हे एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

तोवर त्यांच्या मुलाला आठवलं की ४२ व्या वर्षी आईच्या हृदयात ‘फुगा टाकला’ होता. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात डाव्या बाजूची झडप आकसली आणि पुढे ती फुग्याने उघडावी लागली. नंतर बरीच वर्षं बरी गेली, मग ठोके अनियमित झाले, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. लिव्हरच्या फाइलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

टूडी इकोने बाकीचं सांगितलं. डावी झडप अजून बऱ्यापैकी उघडत होती. पण डावीकडच्या जुन्या अडथळ्यामुळे फुप्फुसांतला दाब वर्षानुवर्षं चढा राहिला, अनियमित ठोक्यांनी वरचे कप्पे ताणले, आणि उजवा वरचा कप्पा अवाढव्य झाला होता. ट्रायकस्पिडच्या पाकळ्या स्वतः धडधाकट होत्या, पण ज्या चौकटीत त्या बसवलेल्या असतात ती चौकटच पसरली होती. फळ्या चांगल्या आणि दाराची चौकट रुंद झाली, तर मध्ये फट राहणारच. बहुतेक पेशंटांत ट्रायकस्पिड अशीच गळते. एकदा गळू लागली की मागे येणाऱ्या रक्ताने कप्पे आणखी ताणतात, चौकट आणखी पसरते आणि गळती गळतीलाच वाढवत नेते.

मग लिव्हरचं काय? लिव्हरमधून निघणाऱ्या शिरा हृदयाच्या अगदी खाली मोठ्या शिरेला मिळतात. वाटेत कुठे दार नाही, त्यामुळे कप्प्यातला दाब जसाच्या तसा लिव्हरच्या आत पोचतो. लिव्हर पाणी प्यायलेल्या स्पंजासारखं फुगतं आणि त्याच्यावरचं पातळ आवरण ताणलं गेलं की उजव्या बरगडीखाली जड, बोथट दुखतं. आतड्यांनाही सूज येते. मावशी म्हणायच्या, “दोन घास खादात का पोट भरी जास.” हे अजीर्ण नव्हतं. फुगलेलं लिव्हर, पोटातलं पाणी आणि सुजलेली आतडी यांनी जठराला जागाच ठेवली नव्हती.

रक्ताच्या रिपोर्टलाही स्वतःची ठेवण असते. बिलिरुबिन २.४ म्हणजे वाढलेलं, पण विषाणूच्या काविळीत चढतं तसं नाही. एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, म्हणजे जवळजवळ नॉर्मल. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र बरंच वाढलेलं. तुंबलेल्या लिव्हरचं चित्र सहसा असं असतं. विषाणूने लिव्हरच्या पेशी मरतात तेव्हा एसजीपीटी शेकड्यांत, कधी हजारांत जातं. (उजव्या हृदयाच्या पेशंटमध्येही ते हजारांत जाऊ शकतं, पण रक्तदाब कोसळून लिव्हरला रक्तच मिळालं नाही तेव्हा. ती वेगळी आणि फार घाईची अवस्था.)

रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर ४.८ आला, तेव्हा मला खरी भीती वाटली. रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस कित्येक महिने बदललेला नव्हता आणि त्यांचा आयएनआर नेहमी २ ते ३ च्या मध्ये असायचा. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं. लिव्हर तुंबलं की ते कमी बनतात आणि तीच गोळी दुप्पट लागू पडते. या गोळीवरच्या माणसाचे पाय सुजू लागले आणि कारण नसताना आयएनआर चढला, तर आधी मानेकडे बघावं. गोळी थांबवली. तीन दिवसांनी आयएनआर उतरल्यावर सोनोग्राफीखाली पोटातलं थोडं पाणी तपासायला काढलं.

हृदयाचं पाणी आणि सिरॉसिसचं पाणी यांतला फरक त्या छोट्या बाटलीत कळतो. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पोटातल्या पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करायचं. उत्तर १.१ किंवा त्याहून जास्त आलं, तर पाणी शिरांच्या दाबामुळे झिरपलं आहे. पण तेवढ्याने हृदय की सिरॉसिस हे ठरत नाही, दोन्हींत दाब वाढतो. त्यासाठी पाण्यातलं एकूण प्रोटीन बघतात. सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या आतल्या बारीक जाळ्या चट्ट्यांनी बुजतात, प्रोटीन बाहेर पडत नाही आणि आकडा सहसा २.५ च्या खाली राहतो. हृदयामुळे तुंबलेल्या लिव्हरच्या जाळ्या उघड्या असतात, म्हणून प्रोटीनसकट पाणी झिरपतं. मावशींची वजाबाकी १.३ आली, प्रोटीन ३.६. फाइलवरचं ‘लिव्हर’ मी खोडलं नाही, खाली ‘हृदयामुळे’ एवढं लिहिलं. फुगवटा वर्षानुवर्षं राहिला तर लिव्हरमध्ये खरोखरच चट्टे पडतात, त्यामुळे मूळ जखम हृदयाची आहे म्हणून लिव्हर सुरक्षित असं नाही.

आता लघवीच्या गोळीकडे येऊ. मावशी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम रोज सकाळी घेतच होत्या. मुलगा म्हणाला, गोळी देऊनही लघवी होत नाही, म्हणजे किडनी गेली असणार. क्रिएटिनिन १.६ होतं, त्यामुळे शंका रास्त होती. पण गोळी लागू न पडायची त्यांच्याकडे दुसरीच कारणं होती.

पहिलं कारण आतड्यांत होतं. फ्युरोसेमाइड काम करतं ते किडनीच्या नळ्यांच्या आतून आणि तिथे त्याची ठरावीक पातळी गाठली गेली तरच. विहिरीवरच्या मोटरसारखं आहे हे. व्होल्टेज पुरेसं नसेल तर मोटर नुसती घुरघुरते, पाणी उचलत नाही, आणि त्याच कमी व्होल्टेजवर दिवसातून दोनदा बटण दाबून उपयोग नाही. सुजलेल्या आतड्यांतून गोळी रक्तात इतकी हळू झिरपते की पातळी उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. त्यात या गोळीचं शोषण मुळातच लहरी, कुणात दहावा हिस्सा पोचतो तर कुणात जवळजवळ सगळी. म्हणून अशा वेळी औषध शिरेतून द्यावं लागतं.

दुसरं कारण किडनीच्या मागे होतं. किडनीतून रक्त गाळलं जातं ते येणारा दाब आणि जाणाऱ्या शिरेतला दाब यांच्या फरकावर. जाणाऱ्या बाजूला फुगवटा आला की गाळणं मंदावतं आणि क्रिएटिनिन चढतं. पोट पाण्याने ताणलेलं असेल तर किडनी बाहेरूनही दाबली जाते. अशा किडनीला पाणी कमी पडलेलं नसतं, ती पाण्यात बुडालेली असते. क्रिएटिनिन १.६ बघून लघवीचं औषध बंद करणं आणि वर सलाइन लावणं, या दोन गोष्टींनी असे पेशंट हाताबाहेर गेलेले मी पाहिले आहेत.

तिसरं कारण सुनेच्या पिशवीत सापडलं. कापूस वेचणीच्या दिवसांत मावशींचे गुडघे धरले होते आणि त्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी रोज दोनदा घेत होत्या. डायक्लोफेनॅकसारख्या या गोळ्या किडनीला मीठ धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या औषधाचा रस्ता अडवतात. सूज कधी वाढली आणि गोळी कधी सुरू झाली हे जुळवून बघितलं, तर दोन्ही एकाच पंधरवड्यातलं निघालं.

मावशींचं वजन ६१ किलो भरलं. आठ महिन्यांपूर्वीच्या कार्डावर, पाय कोरडे असताना, ५० होतं. म्हणजे दहाएक लिटर पाणी जास्तीचं.

पहिला डोस शिरेतून ४० मिलिग्रॅम दिला. दोन तासांनी लघवी १५० मिलिलिटर आणि तिच्यातलं सोडियम ३८. ही तपासणी साध्या लॅबमध्ये होते, खर्च थोडा आणि दिवसभर वाट बघणं वाचतं. औषध दिल्यावर दोन तासांनी लघवीतलं सोडियम ५० ते ७० च्या खाली असेल, किंवा पहिल्या सहा तासांत ताशी १०० ते १५० मिलिलिटर लघवी होत नसेल, तर डोस उंबरठ्याच्या खाली आहे. तेव्हा तोच डोस पुन्हा देऊन उपयोग नाही, दुप्पट करावा लागतो. आम्ही ८० दिलं. संध्याकाळपर्यंत सव्वा लिटर लघवी झाली, सोडियम ९६. मोटर उचलली. मग तोच डोस दिवसातून दोनदा.

दोनदा का, तर औषधाचा असर साधारण सहा तासांचा. तो संपला की किडनी गेलेलं मीठ परत धरायला लागते. दुसरा डोस नसेल आणि रात्रीच्या ताटात लोणचं, पापड, ठेचा असेल, तर सकाळी गेलेलं पहाटेपर्यंत परत येतं. आपल्याकडे हे बारकाईने बघावं लागतं. पापड आणि बिबड्यांत वरच्या मिठाशिवाय पापडखारही पडतो आणि तोही सोडियमच. सुनेला मी एक चहाचा चमचा भरून मीठ वेगळं काढायला सांगितलं. ते पाच ग्रॅमच्या आसपास, मावशींच्या दिवसभराच्या भाजी-भाकरीचं मिळून सगळं त्यातूनच. भरीत चालेल, कळण्याची भाकरी चालेल, शेवभाजीतली शेव आणि लोणचं नाही.

स्पायरोनोलॅक्टोन पहिल्याच दिवशी जोडलं, आधी २५ आणि मग ५० मिलिग्रॅम. लिव्हर तुंबून पोटात पाणी झालेल्या माणसाच्या अंगात मीठ धरणारं अल्डोस्टेरॉन फार वाढलेलं असतं आणि ही गोळी त्यालाच अडवते. शिवाय फ्युरोसेमाइडने पोटॅशियम जातं, ही ते राखते. मावशींचं पोटॅशियम ३.४ होतं, म्हणून दोन्हींची जोडी बसली. इथे केळ्याचा विषय निघतोच. रावेर-यावलकडचा पाहुणा आला की घड घेऊन येतो आणि ‘लघवीची गोळी चालू आहे ना, मग केळी खा’ हा सल्ला घरोघरी मिळतो. नुसत्या फ्युरोसेमाइडवर तो बहुधा बरोबर ठरतो. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर तीच केळी पोटॅशियम धोक्याच्या पातळीला नेऊ शकतात. म्हणून केळ्याचा निर्णय रिपोर्ट बघूनच.

चौथ्या दिवशी वजन ५७ वर येऊन अडलं. मेटोलाझोनची छोटी गोळी जोडली की लघवी धो धो होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मावशींचं रक्तातलं सोडियम १३१ होतं आणि ही जोडी सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही झपाट्याने पाडते. एका रात्रीत माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. मी त्याऐवजी फ्युरोसेमाइड १२० केलं आणि शिरेतून असिटाझोलामाइड ५०० मिलिग्रॅम तीन दिवस दिलं. ते किडनीच्या नळीच्या सुरुवातीलाच मीठ अडवतं. हा एकमेव रस्ता नव्हे. मेटोलाझोन वापरायचंच तर रोज सोडियम-पोटॅशियम तपासायची सोय हाताशी हवी, ती प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी नसते.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.६ वरून १.७ झालं आणि मुलगा घाबरून केबिनमध्ये आला. वजन उतरतंय, सूज ओसरतेय, लघवी वाहतेय आणि आकडा थोडा चढलाय, तर थांबायचं नाही, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. नवव्या दिवशी क्रिएटिनिन १.२ होतं, बिलिरुबिन १.३, वजन ५१.८. लिव्हर मोकळं झालं तसा आयएनआर उलट १.६ पर्यंत घसरला आणि रक्त पातळ करायची गोळी पुन्हा सुरू करून वाढवावी लागली. तुंबलेल्या दिवसांत ठरवलेला डोस मोकळ्या लिव्हरला पुरत नाही, हे विसरलं तर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते.

थांबायचं कधी, हे ठरवणं या आजारात सगळ्यात अवघड. मानेतली शीर पूर्ण बसेपर्यंत औषध देत राहावं असं वाटतं, पण ट्रायकस्पिड गळत असेल तर शीर पूर्ण बसतच नाही. पाणी उतरलं तरी प्रत्येक ठोक्याला लाट चढणारच, कारण दाराची फट तिथेच आहे. म्हणून लाटेच्या माथ्याकडे न बघता दोन लाटांच्या मधल्या तळाकडे बघायचं. मावशींच्या बाबतीत लाट अजून मानेच्या मध्यापर्यंत यायची, पण मधल्या क्षणी शीर रिकामी होऊन गळपट्टीमागे जायची. लिव्हर दाबल्यावर दुखेनासं झालं, पायात बोट रुतेनासं झालं, बसून उठताना रक्तदाब पडत नव्हता. तिथे थांबलो. अजून ओढलं असतं तर कमजोर उजव्या कप्प्याला भरायला रक्तच उरलं नसतं.

घरी टॉरसेमाइड ४० मिलिग्रॅम सकाळी आणि स्पायरोनोलॅक्टोन ५० असं दिलं. टॉरसेमाइड आतड्यांतून बरंच खात्रीने शोषलं जातं, म्हणून अशा पेशंटसाठी मला ते बरं वाटतं. मात्र २०२३ साली आलेल्या मोठ्या तुलनेत फ्युरोसेमाइडवरच्या आणि यावरच्या पेशंटांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही, हेही खरं. वजनकाटा घेतला गेला. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच लुगड्यात वजन आणि ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. पायांची सूज दिसेपर्यंत थांबायचं नाही, कारण ती दिसते तेव्हा काही लिटर आधीच साठलेलं असतं.

मे महिन्यात सुनेचा फोन आला, पण उलट कारणाने. वजन ४९.२. मावशी अंगणातून उठताना अंधारी येऊन बसल्या होत्या, पोटऱ्यांत वांब येत होते. पारा ४४ वर, घामाने मीठ-पाणी जात होतं आणि गोळी थंडीतलीच चालू होती. तपासलं तेव्हा दोन लाटांच्या मधला तळ टेकून झोपवल्यावरही दिसत नव्हता, क्रिएटिनिन १.९. जानेवारीतला १.६ आणि मे महिन्यातला १.९, आकडे जवळचे पण अर्थ अगदी विरुद्ध, आणि दोन्हींतला फरक वजन आणि मान सांगत होती. टॉरसेमाइड निम्मं केलं, स्पायरोनोलॅक्टोन आठवडाभर थांबवलं. पहिला पाऊस झाल्यावर डोस पुन्हा वाढवला. आपल्या भागात या पेशंटचा डोस वर्षातून निदान दोनदा डॉक्टरला दाखवून बदलून घ्यावा, एकदा उन्हाळा चढताना आणि एकदा उतरताना.

लघवीचं औषध पाणी काढतं, झडप शिवत नाही. चौकट आवळून पाकळ्या पुन्हा जुळवायची शस्त्रक्रिया आहे आणि ती डाव्या झडपेच्या ऑपरेशनबरोबरच केली तर फारशी जड जात नाही. नंतर एकट्या ट्रायकस्पिडसाठी, तेही लिव्हर-किडनी थकल्यावर आणि उजवा कप्पा मलूल झाल्यावर छाती उघडायची, तर धोका खूप वाढतो. मांडीच्या शिरेतून जाऊन पाकळ्यांना चिमटा लावायची पद्धत आता आली आहे. तिच्या २०२३ सालच्या अभ्यासात एका वर्षात पेशंटांचं रोजचं जगणं सुधारलेलं दिसलं, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. खर्चही खेड्यातल्या घराला झेपणारा नाही.

मावशींना आम्ही जूनमध्ये हृदय शल्यचिकित्सकाकडे पाठवलं. बिलिरुबिन उतरलेलं, क्रिएटिनिन परत १.२, उजवा कप्पा थोडाच कमजोर, म्हणजे प्रश्न विचारायला ही वेळ योग्य होती. फाइलवर सगळ्यात वर मी सुनेच्या कॅलेंडरचा फोटो लावला, सहा महिन्यांच्या वजनासकट.